मीटिंगचा सारांश तयार झाला? आता तो ट्रान्सक्रिप्टशी ओळीने जुळवा

मीटिंग रेकॉर्ड करून तिचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलणं जसंच्या तसं टाइप केलेला मजकूर, कसा काढायचा हे आता बऱ्याच जणांना जमतंय. त्यावरून आठ-दहा ओळींचा सारांशही तयार होतो. पुढे काय होतं? सगळे सारांशच वाचतात. ट्रान्सक्रिप्ट कोणी उघडत नाही. ऑर्डर सारांशावरून जाते, छपाई सारांशावरून होते, आणि तीन महिन्यांनी वाद झाला की "आपलं असंच ठरलं होतं" म्हणून सारांशच पुढे केला जातो. म्हणून तो पाठवण्याआधी एकदा तपासायला हवा. शुद्धलेखनासाठी नाही. तीन गोष्टींसाठी: कोणी न बोललेला तपशील आत आलाय का, बोलण्यात आधार नसलेला दावा आलाय का, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर गेलंय का.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आज एक नमुना घेऊ. हा मी ट्रेनिंगसाठी तयार केलेला आहे, पण असलं बोलणं तुम्ही रोज ऐकता. एक ताई घरगुती मसाले करतात. वितरक आणि त्याचा सेल्समन त्यांच्याकडे आले आहेत. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिघांनाही सांगितलंय. या मीटिंगनंतर ताईंना छापील पाउचची ऑर्डर द्यायची आहे, म्हणजे पैसे अडकणार आहेत. ट्रान्सक्रिप्टमधला कामाचा भाग असा:

१. वितरक: गोड्या मसाल्याला आमच्याकडे मागणी आहे. कांदा-लसूण बघू पुढे.
२. ताई: पॅकिंग कसं हवं? मी सध्या शंभरचं करते.
३. सेल्समन: दुकानदार पन्नासचं मागतात. लहान पाकीट पटकन उचललं जातं.
४. वितरक: हं, हं.
५. ताई: पहिल्या खेपेला किती लागतील?
६. वितरक: पाचशे एक पाकिटं धरा. नवरात्राच्या आधी मिळाली तर बरं.
७. ताई: पेमेंटचं कसं?
८. वितरक: आमची पद्धत तीस दिवसांची आहे.
९. ताई: पहिल्या वेळी मला निम्मे आधी लागतील.
१०. वितरक: बघतो. पार्टनरशी बोलून सांगतो.
११. सेल्समन: त्या आधीच्या मसालेवाल्याच्या पाकिटातून तेल सुटायचं म्हणे.
१२. ताई: माझं तसं होत नाही. म्हणजे मी तरी अजून पाहिलं नाही.
१३. वितरक: एक्सपायरीला महिना राहिला की उरलेला माल परत तुमच्याकडे.
१४. ताई: किती टक्क्यांपर्यंत?
१५. वितरक: ते कागदावर करू.

आणि ताईंच्या भाच्याने केलेला सारांश:

क. वितरकाकडे गोड्या मसाल्याला मागणी आहे. गोडा आणि कांदा-लसूण दोन्ही मसाले घ्यायचं त्याने मान्य केलं.
ख. वितरकाला ५० ग्रॅमची पाकिटं हवी आहेत.
ग. पहिली ऑर्डर ५०१ पाकिटांची, नवरात्राआधी द्यायची.
घ. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत.
च. आधीच्या पुरवठादाराचा माल खराब असल्यामुळे वितरक आपल्याकडे आला.
छ. आपल्या पाकिटातून तेल सुटत नाही याची ताईंनी हमी दिली.
ज. परत आलेला माल ५ टक्क्यांपर्यंत आपण घ्यायचा.

वाचायला किती सुटसुटीत आहे बघा. काही खटकत नाही. तीच अडचण आहे: नुसता सारांश वाचून चूक सापडत नाही, कारण चुकीचं वाक्यही बरोबर वाक्याइतकंच नीट लिहिलेलं असतं.

आधी वाक्य फोडा

तपासणीचं पहिलं काम म्हणजे सारांशातलं प्रत्येक वाक्य एकेका दाव्यात फोडणं. एक दावा म्हणजे ज्याला "हो, असं बोललं गेलं" किंवा "नाही, गेलं नाही" असं एकच उत्तर देता येईल इतका तुकडा. 'क' घ्या. दिसायला ती दोनच वाक्यं आहेत, पण त्यात तीन दावे आहेत: गोड्याला मागणी आहे, गोडा घ्यायचं मान्य झालं, कांदा-लसूण घ्यायचंही मान्य झालं. वाक्य फोडलं नाही तर पहिला दावा खरा दिसतो आणि त्याच्या पाठीवर बसून बाकीचे दोन पास होतात.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात दावा, दुसऱ्यात ट्रान्सक्रिप्टच्या ओळीचा नंबर, तिसऱ्यात शेरा. शेरे चारच ठेवा: "आहे", "अर्धं", "नाही", "दुसऱ्याचं". दुसरा रकाना महत्त्वाचा आहे. ओळीचा नंबर लिहिता येत नसेल तर "आहे" लिहायचं नाही, मग ती गोष्ट कितीही पटत असो. मुख्य म्हणजे नंबर लिहिण्याआधी ती ओळ आणि तिच्या वरच्या-खालच्या दोन ओळी वाचा. उत्तर एका ओळीत असतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे वरच्या ओळीत असतं.

'क' असं तपासलं तर: मागणी आहे – ओळ १, शेरा "आहे". गोडा घ्यायचं मान्य – ओळ ६ मध्ये तो "पाकिटं धरा" म्हणतोय, म्हणजे घ्यायचा विचार आहे, पण ही पक्की ऑर्डर नाही, "अर्धं". कांदा-लसूण मान्य – ओळ १ मध्ये "बघू पुढे" आहे; "नाही". आपल्या बाजारात "बघू" म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सारांशात तेच "बघू" हळूच "मान्य केलं" होऊन बसतं.

न बोललेला तपशील: आकडे आणि मापं

आता पेन घेऊन सारांशातल्या प्रत्येक आकड्याला, तारखेला आणि मापाला गोल करा. आपल्या नमुन्यात ५०, ग्रॅम, ५०१, नवरात्र, निम्मे, ४५ आणि ५ टक्के इतके गोल होतील. मग एकेक गोल ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधा.

५ टक्के कुठे आहेत? कुठेच नाहीत. ताईंनी ओळ १४ मध्ये विचारलं आणि वितरक ओळ १५ मध्ये म्हणाला, "ते कागदावर करू." म्हणजे प्रश्न आहे, उत्तर नाही. सारांश करणाऱ्याला रिकामी जागा बघवत नाही, तो ओळखीचा आकडा भरून टाकतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टमध्ये जिथे जिथे प्रश्न विचारलाय आणि उत्तर मिळालेलं नाही, तिथे सारांशात काय लिहिलंय ते आवर्जून बघा. बनावट आकडे अशाच जागी सापडतात.

'ख' मधला "ग्रॅम" त्याहून लबाड आहे, कारण ५० हा आकडा ट्रान्सक्रिप्टमध्ये खरंच आहे. पण सेल्समन म्हणाला "पन्नासचं". ताई म्हणाल्या "शंभरचं". ग्रॅम की रुपये? दुकानात दोन्ही अर्थाने बोलतात. ५० ग्रॅमचं पाकीट आणि ५० रुपयांचं पाकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाकिटावर निव्वळ वजन आणि एमआरपी दोन्ही छापावं लागतं, आणि ग्रॅव्हूर छपाईत पाउचच्या मापाचे, प्रत्येक रंगाचे वेगळे सिलिंडर बनतात. माप चुकलं तर ते सिलिंडर दुसऱ्या मापाला चालत नाहीत. म्हणजे सारांशात घातलेला एक शब्द थेट छपाईच्या बिलावर जातो. म्हणून आकडा जुळला म्हणून थांबू नका, आकड्यापुढचं मापही ओळीत आहे का ते बघा.

फाइलमध्ये Ctrl+F करून शोधत असाल तर एक लक्षात ठेवा. तोच आकडा ट्रान्सक्रिप्टमध्ये "पाच", "५" किंवा 5 असा तीन प्रकारे असू शकतो, आणि एक टाकून दुसरा बऱ्याचदा सापडत नाही. तिन्ही टाकून बघा. आणि शोधात सापडलं नाही म्हणजे बोललंच नाही असंही नाही. तो भाग डोळ्यांनी वाचा.

आधार नसलेला दावा: "मान्य", "हमी" आणि "त्यामुळे"

दुसऱ्या फेरीत आकडे सोडा आणि शब्द पकडा. दोन जातीचे शब्द अधोरेखित करायचे. एक, व्यवहार पक्का करणारे: मान्य केलं, ठरलं, हमी दिली, द्यायचं, घ्यायचं. दोन, कारण जोडणारे: त्यामुळे, म्हणून, असल्याने.

पहिल्या जातीत 'छ' बघा. ताई ओळ १२ मध्ये म्हणाल्या, "माझं तसं होत नाही. म्हणजे मी तरी अजून पाहिलं नाही." दुसऱ्या वाक्याने त्यांनी स्वतःच पहिलं वाक्य सैल केलं. सारांशात मात्र ती "हमी" झाली. उद्या एका पाकिटातून तेल सुटलं तर वितरक हाच सारांश दाखवणार. 'ग' चंही तसंच: "मिळाली तर बरं" ही इच्छा आहे, "द्यायची" ही अट झाली. मराठीत माणूस किती खात्रीने बोलतोय हे "तर बरं", "बहुतेक", "साधारण", "म्हणे", "बघतो" अशा छोट्या शब्दांत असतं, आणि सारांश करताना जागा वाचवायला हेच शब्द आधी उडतात. म्हणून ट्रान्सक्रिप्टच्या ओळीत असा शब्द असेल तर त्याचं वजन सारांशात उतरलंय का ते बघा.

दुसऱ्या जातीत 'च' आहे. वितरक आपल्याकडे का आला हे ट्रान्सक्रिप्टमध्ये कोणीच सांगितलेलं नाही. मागणी आहे हे ओळ १ मध्ये आहे, आधीच्या पाकिटातून तेल सुटायचं हे ओळ ११ मध्ये आहे, आणि मधला "त्यामुळे" सारांश करणाऱ्याने घातलाय. शिवाय "तेल सुटायचं म्हणे" ही ऐकीव गोष्ट, तिचा "माल खराब" हा निकाल झाला. दुसऱ्या धंदेवाल्याच्या मालाबद्दल असं लिहून ते व्हॉट्सॲपवर फिरवणं किती महागात पडू शकतं याचा विचार करा.

आता 'घ' मधले ४५ दिवस. इथे बरेच जण फसतात, कारण ही गोष्ट बाहेर खरी आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. पण या मीटिंगमध्ये कायद्याचं नाव कोणी काढलेलं नाही. वितरक ओळ ८ मध्ये तीस दिवस म्हणाला. म्हणजे भाच्याने बाहेरचं ज्ञान आणून ताईंचेच १५ दिवस घालवले! तपासताना प्रश्न "हे खरं आहे का?" असा नसतो. "हे इथे बोललं गेलं का?" असा असतो. बाहेरची माहिती उपयोगी असेल तर सारांशाखाली "आपली टीप" म्हणून वेगळी लिहा.

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर

तिसऱ्या फेरीत सारांशात जिथे जिथे कोणाचं नाव किंवा "त्याने", "त्यांनी" आहे, तिथे बोट ठेवा आणि ती ओळ कोणाची आहे ते बघा.

'ख' मध्ये "वितरकाला ५० ग्रॅमची पाकिटं हवी आहेत" असं आहे. ओळ ३ सेल्समनची आहे, आणि तोही दुकानदार काय मागतात ते सांगतोय. वितरक फक्त "हं, हं" म्हणाला. आपल्याकडे "हं" म्हणजे ऐकतोय. पटलं असं नाही. त्यामुळे शेरा "दुसऱ्याचं". फरक का पडतो? ऑर्डरवर सही वितरकाची होणार आहे, सेल्समनची नाही. 'घ' मध्ये "निम्मे आगाऊ" ही ताईंची मागणी आहे, ओळ ९. वितरकाचं उत्तर ओळ १० मध्ये आहे: पार्टनरशी बोलून सांगतो. सारांशात मागणी उरली, मागणारा गेला, आणि वाचणाऱ्याला वाटतं दोघांचं ठरलं. मराठीत कर्ता न लिहिता वाक्य पूर्ण होतं, त्यामुळे ही चूक सहज लपते. "निम्मे पैसे आगाऊ" असं कर्त्याशिवायचं वाक्य दिसलं की थांबा आणि विचारा: कोणी म्हटलं?

कधी कधी सारांश बरोबर असतो आणि ट्रान्सक्रिप्टवरचं नावच चुकलेलं असतं. ॲपने आवाज ओळखून नावं लावली असतील तर दोन पुरुषांचे आवाज आणि छोटी "हो", "हं" सहज अदलाबदल होतात. इथे क्रियापद मदत करतं. "मी सध्या शंभरचं करते" या ओळीवर वितरकाचं नाव असतं तर लगेच कळलं असतं. अर्थात हा पुरावा सगळीकडे चालत नाही; कोल्हापूरकडे बायकाही "मी येतो" म्हणतात. शंका आली की त्या ठिकाणचं रेकॉर्डिंग अर्धा मिनिट आधीपासून ऐका.

ट्रान्सक्रिप्टवरही डोळे झाकून विश्वास नको

'ग' मधले ५०१ बघा. ट्रान्सक्रिप्टमध्ये "पाचशे एक" असंच आहे, म्हणजे सारांश जुळतोय. पण मसाल्याची ५०१ पाकिटं कोण मागतं? रेकॉर्डिंग ऐकलं तर तो "पाचशेक" म्हणालेला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे पाचशेच्या आसपास. टाइप होताना त्याचे दोन शब्द झाले आणि अंदाजाचा पक्का आकडा झाला. "एकोण"वाले आकडेही असेच घात करतात: एकोणचाळीस म्हणजे ३९, पण घाईत ४९ लिहिलं जातं. पावणेदोनशे म्हणजे १७५. म्हणून पैसे, नग आणि तारीख यांच्या ओळी ट्रान्सक्रिप्टशी जुळल्या तरी रेकॉर्डिंगशी एकदा ताडून बघा. पूर्ण मीटिंग ऐकायची गरज नाही, फक्त गोल केलेल्या जागा.

एकदा उलटं वाचा

आतापर्यंत आपण सारांशातून ट्रान्सक्रिप्टकडे गेलो. त्याने जास्तीचं सापडतं, गळलेलं सापडत नाही. म्हणून शेवटी ट्रान्सक्रिप्ट वरून खाली वाचा आणि प्रत्येक अटीसमोर सारांशाचं अक्षर लिहा. ओळ १३ मध्ये "एक्सपायरीला महिना राहिला की" अशी अट आहे. 'ज' मध्ये ती नाही. अट गळली की "परत आलेला माल आपण घ्यायचा" याचा अर्थ कधीही, कुठलाही माल असा होतो. म्हणजे गळलेल्या शब्दानेही खोटा दावा तयार होतो.

हे काम शक्यतो मीटिंगला नसलेल्या माणसाला द्या. हजर असलेला माणूस आठवणीतून भर घालतो आणि "असंच बोलणं झालं होतं" म्हणत पुढे जातो. निघताना गाडीपाशी काही ठरलं असेल तर ते रेकॉर्डिंगमध्ये नाही; ते सारांशात मिसळू नका, खाली "रेकॉर्डिंगबाहेर" असं लिहून वेगळं ठेवा.

दुरुस्त सारांश

दुरुस्तीचे मार्ग तीनच: आधार नसलेलं काढा, जास्त पक्कं झालेलं मूळच्या वजनावर आणा, आणि न ठरलेलं "न ठरलेलं" म्हणून लिहा. कंसातले आकडे ट्रान्सक्रिप्टच्या ओळींचे:

बोलणं झालं: वितरकाच्या म्हणण्याप्रमाणे गोड्या मसाल्याला त्यांच्याकडे मागणी आहे (१). पहिल्या खेपेला सुमारे ५०० पाकिटं धरायला त्यांनी सांगितलं, नवरात्राआधी मिळाल्यास बरं (६, आकडा रेकॉर्डिंगवरून नक्की करायचा). त्यांची पेमेंटची पद्धत ३० दिवसांची आहे (८). एक्सपायरीला महिना राहिला की उरलेला माल परत, असं वितरकाने सांगितलं (१३). दुकानदार लहान, "पन्नासचं" पाकीट मागतात असं सेल्समनने सांगितलं (३).

ठरलेलं नाही: कांदा-लसूण मसाला (१). पाकिटाचं माप, आणि "पन्नास" म्हणजे ग्रॅम की रुपये (३). ताईंनी मागितलेली निम्मी रक्कम आगाऊ. वितरक पार्टनरशी बोलून सांगणार (९, १०). परत मालाची टक्केवारी. कागदावर करायची (१४, १५).

तेल सुटण्याचं बोलणं यात घेतलेलं नाही, कारण त्यातून काही ठरलं नाही आणि ते ऐकीव होतं.

पहिल्या सारांशावरून ताईंनी ५० ग्रॅमचे पाउच छापायला टाकले असते, निम्मे पैसे येणार म्हणून कच्चा माल भरला असता आणि कांदा-लसूणही दळून ठेवला असता. दुसरा सारांश वाचल्यावर कळतं की छपाईवाल्याला फोन करायच्या आधी वितरकाला एक फोन करायचाय आणि चार प्रश्न विचारायचेत. हा सारांश त्यालाच पाठवा आणि खाली लिहा, "यात काही चुकलं असेल तर कळवा." "ठरलेलं नाही" वाल्या यादीची उत्तरं लेखी आली, की मगच पाउचचं डिझाइन फायनल करा.